समोर होतं, तरी दिसलं नाही

रविवारच्या पुरवणीत येणारं ‘दोन चित्रांतले आठ फरक ओळखा’ हे कोडं माझी नऊ वर्षांची भाची आणि मी मिळून सोडवतो. परवा सात फरक पटापट सापडले, आठवा मात्र काही केल्या सापडेना. पंधरा मिनिटं झाली, चहा निवला. शेवटी तिने पान उलटून उत्तर पाहिलं. एका चित्रात विहिरीवरच्या रहाटाला दोर होता, दुसऱ्यात नव्हता. दोर चांगला बोटभर लांब आणि चित्राच्या जवळजवळ मधोमध.

“मामा, आपण विहिरीकडे कितीतरी वेळा बघितलं ना?” तिने विचारलं.

बघितलं होतं, बोट ठेवून बघितलं होतं. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी, उजेड भरपूर, वेळ हवा तेवढा. डोळ्यांत काही दोष असता तर बाकीचे सात फरकही सापडले नसते. तिचा प्रश्न मला सोडेना, कारण मानसशास्त्रज्ञांनी गेली तीसेक वर्षं याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे. डाव्या चित्रावरून उजव्या चित्राकडे जाताना नजर आपल्याबरोबर नेमकं काय घेऊन जाते?

हात सरळ लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. साधारण त्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला अगदी रेखीव दिसतं, बाकीचं सगळं कमीअधिक धूसर असतं. ते जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो आणि जिथे जातो तिथलं स्पष्ट करून देतो. त्यामुळे आपली अशी पक्की समजूत असते की डोळा एकेक तुकडा टिपतो आणि मेंदू ते तुकडे जोडून आत एक अखंड फोटो तयार ठेवतो. असा फोटो आत खरोखर असेल, तर समोर काही बदललं की जुना फोटो आणि नवं दृश्य यांतली तफावत आपोआप लक्षात यायला हवी.

हे तपासून पाहण्यासाठी रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओरेगन आणि जेम्स क्लार्क यांनी 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक रंगीत छायाचित्र साधारण पाव सेकंद दाखवायचं. मग सेकंदाच्या बाराव्या भागाइतका वेळ कोरा राखाडी पडदा. मग तेच छायाचित्र, पण एक मोठा बदल केलेलं. पुन्हा कोरा पडदा, पुन्हा पहिलं चित्र. हे चक्र बदल सापडेपर्यंत चालू ठेवायचं. काहीतरी बदलतंय हे बघणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं. त्याला दुसरं कामच नसतं. विमानाच्या खिडकीतून दिसणारं हेलिकॉप्टर जागा बदलतं तेव्हा ते काही सेकंदांत सापडतं. पण जेवायला बसलेल्या जोडप्यामागचा कठडा वरखाली सरकतो, तेव्हा लोकांना सरासरी दहा सेकंदांच्या आसपास शोधत बसावं लागतं. काही चित्रांना तर पाऊण मिनिटाहून जास्त वेळ लागला. सापडल्यावर प्रत्येकाला वाटतं की हे आपल्याला इतका वेळ दिसलं कसं नाही. मधला कोरा पडदा काढून टाकला, की हेच बदल सेकंदाभरात ओळखू येतात.

एवढ्याशा कोऱ्या पडद्याने असं काय केलं? एरवी समोर काही बदललं की त्या जागी हालचाल होते आणि हालचाल नजरेला खेचून घेते. भिंतीवर पाल सरकली की आपली मान आपोआप वळते, ती याचमुळे. कोऱ्या पडद्यामुळे हालचाल एकाच वेळी चित्रभर होते, त्यामुळे एका जागेची हाक त्या गलक्यात ऐकूच येत नाही. मग बदल शोधायला उरते फक्त आठवण, आणि तिथे आपली फजिती होते. याच संशोधकांनी 1999 साली पुढचा प्रयोग केला. त्यात पडदा कोरा करण्याऐवजी, गाडीच्या काचेवर चिखल उडावा तसे चित्रावर चारसहा ठिपके क्षणभर उमटवले. ठिपके बदलाच्या जागेवर नव्हतेच, ती जागा पूर्ण उघडी होती. तरी बदल दिसेना. रहाटाच्या दोराचंही तेच झालं. एका चित्रावरून दुसऱ्याकडे नजर उडी घेते तेव्हा मधल्या क्षणी सगळंच हललेलं असतं, आणि पलीकडे पोचताना तिच्या ओंजळीत तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त काही मावत नाही. विहीर होती, रहाट होता, बाई होती, एवढं आम्ही नेलं. दोर अलीकडेच राहिला.

या प्रकाराला बदल-अंधत्व म्हणतात. पण हे फक्त चित्रांत होतं आणि खऱ्या जगात आपण सावध असतो, असा एक आक्षेप होता. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी 1998 मध्ये त्याला उत्तर दिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात एक तरुण हातात नकाशा घेऊन पादचाऱ्याला वाट विचारतो. बोलणं सुरू असतानाच दोन माणसं लाकडी दरवाजा घेऊन दोघांच्या मधून जातात. त्या आडोशात वाट विचारणारा बदलतो. नवा माणूस उंचीने, कपड्यांनी, आवाजाने वेगळा. पादचारी नकाशावर बोट ठेवून पुढे सांगत राहतो. 15 जणांपैकी फक्त 7 जणांच्या लक्षात आलं.

ओळखणारे सगळे वाट विचारणाऱ्याच्याच वयाचे, विद्यार्थी होते. मग संशोधकांनी वाट विचारणाऱ्यांना बांधकाम मजुरांचे कपडे घातले आणि पुन्हा विद्यार्थ्यांनाच गाठलं. आता 12 पैकी 4 जणांनीच ओळखलं. आपल्यातला म्हणून पाहिलेला माणूस त्याच्या चेहऱ्यासकट मनात जातो, आणि ‘मजूर’ म्हणून पाहिलेला माणूस तेवढ्या एका शब्दात मावतो. या प्रयोगातला हा निकाल मला सगळ्यांत जास्त बोचतो. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन बदलल्याचं मला कित्येक दिवसांनी कळलं होतं, आणि रोज रात्री मी त्याच्याशी बोलत होतो.

यावरून, आत काहीच साठवलं जात नाही, असा निष्कर्ष सुरुवातीला काहींनी काढला. तो जरा घाईचा ठरला. सायमन्स आणि सहकाऱ्यांच्या 2002 सालच्या प्रयोगात वाट विचारणाऱ्याच्या काखेत लाल-पांढरा बास्केटबॉल होता. बोलणं चालू असताना लोकांचा घोळका मधून गेला आणि चेंडू घेऊन गेला. काही बदललं का, असं विचारल्यावर बहुतेक जण नाही म्हणाले. पण ‘त्याच्याकडे चेंडू होता का?’ असं थेट विचारल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना चेंडू आठवला, काहींना तर त्याचे वेगळे रंगही. म्हणजे आधीच्या दृश्याचा काही भाग मनात होता, पण तो आताच्या दृश्याशी ताडून बघण्याचं काम झालं नव्हतं. तेव्हा बदल-अंधत्वाचा नेमका अर्थ एवढाच निघतो: आपल्याला जितकं तपशीलवार दिसतंय असं वाटतं, त्याच्या मानाने जाणीवपूर्वक धरून ठेवलेलं फार थोडं असतं, आणि धरलेलंही कुणी विचारल्याशिवाय वर येत नाही.

याचा दुसरा भाऊ म्हणजे अनवधान-अंधत्व. इथे आधीचं आठवून काही ताडायचं नसतं. वस्तू आत्ता, या क्षणी समोर असते आणि लक्ष दुसरीकडे असल्याने दिसत नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंचे पास मोजायला सांगितलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना मधून चालत गेलेला, छाती बडवणारा गोरिल्लाच्या वेशातला माणूस दिसला नाही. सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांचा 1999 चा हा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. त्याहून मला 2013 सालचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सराईत डोळ्यांची माणसं होती. ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी 24 रेडिऑलॉजिस्टना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गाठीच्या 48 पट मोठं गोरिल्लाचं चित्र घातलं होतं. 20 डॉक्टरांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली यंत्र टिपत होतं. त्यावरून कळलं की त्या 20 पैकी 12 जणांची नजर थेट गोरिल्लावर जाऊन आली होती. डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते छोटी, पांढरी, गोल गाठ शोधत होते, आणि गोरिल्ला काळा होता.

नजर गेली म्हणजे दिसलंच असणार, या समजुतीवर माणसाला शिक्षाही होऊ शकते. 25 जानेवारी 1995 च्या पहाटे बॉस्टनमध्ये केनी कॉनली हा पोलीस शिपाई एका संशयिताच्या मागे धावत होता. संशयित कुंपणावरून उडी मारून पळाला, कॉनलीही त्याच्यामागे कुंपण चढला आणि पुढे त्याला पकडलं. त्याच कुंपणापाशी काही पोलीस साध्या वेशातल्या मायकेल कॉक्स या आपल्याच सहकाऱ्याला गुन्हेगार समजून बेदम मारत होते. आपण ते पाहिलं नाही, असं कॉनलीने शपथेवर सांगितलं. तो एवढ्या जवळून गेला, तेव्हा खोटंच बोलत असणार, असं ज्यूरीला वाटलं. 1998 साली त्याला 34 महिन्यांची शिक्षा सुनावली गेली.

शाब्री, सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसंगच पुन्हा उभा केला. विद्यार्थ्याने पुढे धावणाऱ्या माणसामागे ठरावीक अंतर राखून पळायचं आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायचं. वाटेत, रस्त्यापासून साधारण आठ मीटरवर, तीन जण मारामारीचं नाटक करत होते, आरडाओरडा करत होते. रात्री 20 पैकी फक्त 7 विद्यार्थ्यांना ती मारामारी दिसली. भर दिवसा 16 पैकी 9 जणांना दिसली. मोजण्याचं काम नसेल, तेव्हा ती बऱ्याच जास्त जणांना दिसली.

कॉनली खरं बोलत होता, हे यातून सिद्ध होत नाही. तो खरं बोलत असू शकतो, एवढंच होतं, आणि ज्यूरीला तेवढंही शक्य वाटलं नव्हतं. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या बऱ्याच आधी कॉनलीची शिक्षा रद्द झाली होती आणि तो पोलिसात परतला होता. मात्र न्यायालयाने ती रद्द केली ती वेगळ्याच कारणासाठी: सरकारी पक्षाने एक महत्त्वाचा कागद बचाव पक्षापासून लपवला होता. पळणाऱ्या माणसाला कुंपणाजवळची मारामारी दिसते का, हा प्रश्न त्या निकालात आलाच नाही.