६, ७, ८ टक्के: तीन वर्षांनी हातात किती?

मंडळी, नव्या इंजिनासाठी बाजूला काढलेले ५०,००० रुपये तीन वर्षं ठेवीत ठेवायचे आहेत असं धरा. पहिल्या वर्षी ६ टक्के, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी ८, आणि व्याज वर्षाला एकदा मुदलात जमा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ८ दिसतो, पण तो शेवटच्या एकाच वर्षाचा.

हिशेब एकेका वर्षाने करायचा. पहिलं वर्ष संपलं की ५३,०००. दुसऱ्या वर्षाचे ७ टक्के ह्या ५३,००० वर, म्हणजे ३,७१०. झाले ५६,७१०. त्यावर तिसऱ्या वर्षाचे ८ टक्के, ४,५३६ रुपये ८० पैसे. एकूण ६१,२४६ रुपये ८० पैसे. कोणी तिन्ही दरांची बेरीज २१ टक्के करून ६०,५०० सांगितले, तर व्याजावरचं व्याज राहिलं. तिन्ही वर्षं ८ च असता तर ६२,९८५ झाले असते.

दर उलटे, ८, ७, ६ असे मिळाले तर? रक्कम हलवली नाही तर एका पैशाचाही फरक नाही, शेवटी गुणाकारच तो. पण पहिल्या वर्षानंतर जाळ्यांसाठी २०,००० काढलेत, तर चढत्या दराने शेवटी ३८,१३४ रुपये मिळतात आणि उतरत्या दराने ३८,५६२. कारण सरळ आहे: चढत्या दरात ८ टक्क्यांचं वर्ष येतं तेव्हा खात्यात पैसाच कमी उरलेला असतो. म्हणून मधेच पैसे लागणार असतील तर मुदतीआधी काढल्यास कुठला दर लावणार, दंड कापणार का, हे ठेव ठेवण्याआधीच विचारा.