मारणाऱ्याच्या पापाचं काय?

‘सगळ्या धर्मांत हे आहेच हो. त्यांचं क्रुसेड, यांचा जिहाद, आपलं महाभारत. नावं वेगळी, गोष्ट एकच.’ हे वाक्य व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि चांगली वाचणारी माणसंही ते मोठ्या समजूतदारपणाने उच्चारतात. बोलणाऱ्याला वाटतं, आपण सर्वांना एका मापाने मोजून न्याय केला. प्रत्यक्षात त्याने तिन्ही परंपरांपैकी एकही उघडून पाहिलेली नसते. शाळेच्या इतिहासात क्रुसेडला ‘धर्मयुद्ध’ म्हटलं जातं आणि कुरुक्षेत्रालाही तेच म्हटलं जातं, तिथूनच हा घोळ पक्का होतो.

फरक कळायला एकच प्रश्न विचारावा: युद्धात माणूस मारणाऱ्याच्या पापाचं काय होतं? प्रत्येक परंपरेचं उत्तर वेगळं आहे. एवढंच नाही, एकाच परंपरेचं उत्तर तीस वर्षांत पार बदललेलंही दिसतं.

हा बदल युरोपात झाला. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंड घेतलं. पोपने त्याच्या मोहिमेला पाठिंबा म्हणून झेंडा पाठवला होता, असं त्याच्या चरित्रकाराने लिहिलं आहे. म्हणजे चर्चच्या दृष्टीने कारण रास्त होतं. तरीही लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्त लावलं आणि पोपचा प्रतिनिधी एर्मेनफ्रिड याने त्याला मान्यता दिली. तो आदेश आजही उपलब्ध आहे. आपण माणूस मारला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दर माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त घ्यायचं. ज्याने घाव घातला पण समोरचा मेला की वाचला हे माहीत नाही, त्याने अशा दर माणसामागे चाळीस दिवस. किती मारले हेच आठवत नसेल, तर आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्यायचं. आपला बाण कुणाला लागला हे तिरंदाजाला कसं कळणार? म्हणून तिरंदाजांसाठी वेगळी तरतूद होती. जो केवळ लुटीसाठी लढला, त्याचा गुन्हा साध्या खुनासारखा धरला गेला.

न्याय्य युद्धाची ख्रिस्ती कल्पना ती हीच. संत ऑगस्टीनपासून ती चालत आली आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिच्या तीन अटी नेमक्या शब्दांत मांडल्या: युद्ध पुकारणारा अधिकृत सत्ताधीश असावा, कारण न्याय्य असावं, हेतू शुद्ध असावा. या चौकटीत युद्धाला परवानगी असते. पण ते युद्ध पवित्र कार्य ठरत नाही, आणि हेस्टिंग्जच्या काळात तर त्यात लढलेल्याचे हात धुतल्याशिवाय स्वच्छ होत नव्हते.

मग 1095 मध्ये क्लेर्माँच्या धर्मसभेत पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मोहिमेची हाक दिली. त्या सभेचा एक ठराव असा होता की, मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीपोटी जो या मोहिमेवर जाईल, त्याचा हा प्रवासच त्याच्या सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. बदल केवढा मोठा आहे पाहा. हेस्टिंग्जच्या सैनिकाला लढल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं. जेरुसलेमला निघालेल्याला लढणं हेच प्रायश्चित्त ठरलं. पवित्र युद्ध जन्माला आलं ते असं, आणि ते न्याय्य युद्धापेक्षा वेगळं आहे. ‘ख्रिस्ती धर्मात युद्ध पवित्रच मानतात’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी हा आदेश आणि हा ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आता कुरुक्षेत्र. तिथे परधर्मीय कोण होतं? दोन्ही बाजूंचे देव तेच, यज्ञ तेच, गुरू तेच. कृष्ण पांडवांकडे होता आणि त्याची नारायणी सेना कौरवांकडे. या युद्धाला धर्मयुद्ध म्हणायचं ते लढण्याच्या रीतीवरून आणि क्षत्रियाच्या कर्तव्यावरून. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथीशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी लढायचं. शस्त्र टाकलेल्याला, कवच गळून पडलेल्याला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्याला मारायचं नाही. सारथी, शस्त्रं वाहून आणणारे, भेरी-शंख वाजवणारे यांच्यावर हात टाकायचा नाही. हे नियम पुढे मोडले गेले. द्रोण, कर्ण, दुर्योधनाची मांडी, आणि शेवटी अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्यांवर घातलेला घाला. पण ग्रंथ ते लपवत नाही, बलराम तर गदायुद्धातल्या त्या घावावर जाहीर संतापतो.

आणि पापाचं काय? रणात पडलेल्या क्षत्रियाला स्वर्ग मिळतो. पण जिंकून जिवंत राहिलेला युधिष्ठिर मेलेल्या आप्तांच्या शोकात राज्य सोडून वनात जायची भाषा करतो, आणि शेवटी पाप फिटावं म्हणून व्यास त्याला अश्वमेध करायला सांगतात. इथे पोप नाही, कुणाच्या पापांची सरसकट माफी नाही. ज्याला हे क्रुसेडसारखं वाटतं, त्याने शांतिपर्व वाचलेलं नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

जिहादची तिसरीच तऱ्हा. इस्लामी न्यायशास्त्रात तो मुख्यतः कायद्याचा विषय आहे. आठव्या शतकातल्या शैबानीपासून फकीहांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली: युद्ध कोण पुकारू शकतो, आधी आवाहन कसं करायचं, तह कधी मोडता येतो, अभय कुणी दिलं तर ते पाळायचं कसं, लूट कशी वाटायची. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सैन्याला दिलेल्या सूचना मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहेत: बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका. श्रद्धेच्या प्रसारासाठीचं युद्धही या चौकटीत बसत होतं आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. शहीदाला पापमाफीचं आश्वासन आहे, पण ‘सहीह मुस्लिम’मधल्या हदीसनुसार त्यातून एक गोष्ट सुटत नाही: कर्ज. लोकांचं देणं देवही माफ करत नाही. हेतू शुद्ध हवा, लुटीसाठी किंवा नावासाठी लढणारा त्यात बसत नाही, हा आग्रह क्लेर्माँच्या ठरावाच्या फार जवळचा आहे. साम्य इथे आहे ते मान्य करावं. पण क्लेर्माँला पोपने एका मोहिमेपुरतं बक्षीस जाहीर केलं. इथे चर्चही नाही आणि पोपही नाही, नियम लिहिणारे फकीह आहेत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत.

बाकीचे समज थोडक्यात. ‘क्रुसेड फक्त मुसलमानांविरुद्ध’: 1204 मध्ये चौथ्या क्रुसेडने ख्रिस्ती कॉन्स्टॅन्टिनोपल लुटलं आणि 1209 पासून दक्षिण फ्रान्समधल्या ख्रिस्ती पाखंड्यांवर मोहीम चालली. ‘कुराणातली तलवारीची आयत बघा’: नवव्या सूरेची पाचवी आयत वाचली तर सहावीही वाचा, त्यात आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला सुखरूप ठिकाणी पोचवायला सांगितलं आहे. ‘बौद्ध धर्मात असलं काही नाही’: श्रीलंकेच्या ‘महावंसा’त युद्धात मेलेल्यांचा शोक करणाऱ्या दुट्ठगामणी राजाला भिक्खू सांगतात की, मेलेल्यांत माणसं म्हणावीत अशी दीडच होती. ‘ज्यू परंपरेत सगळीच युद्धं देवाज्ञेची’: मैमोनिदीसने आज्ञेचं युद्ध आणि राजाच्या इच्छेचं युद्ध असा भेद केला आणि दुसऱ्यासाठी राजाला 71 जणांच्या न्यायमंडळाची संमती घ्यायला लावली. नवं घर बांधून त्यात अजून राहायला न गेलेल्याला अशा युद्धातून घरी पाठवायची तरतूद तर थेट बायबलमधली आहे.

2014 मध्ये ‘आयसिस’च्या बगदादीने खिलाफत जाहीर केल्यावर शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी त्याला खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा आधार आधुनिक मानवाधिकार हा नव्हता. खिलाफत जाहीर करायचा तुला अधिकार कुणी दिला, दूत आणि पत्रकार यांना मारायला शास्त्रात परवानगी कुठे आहे, यझिदींना तू कोणत्या आधाराने ठार करतोस, असे त्यातले आक्षेप होते. हे सगळे त्याच जुन्या ग्रंथांतून काढलेले प्रश्न होते. ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याला ते पत्र वाचताच येणार नाही, कारण त्यातला वाद कुठल्या कायद्यावर चालला आहे हेच त्याला माहीत नसेल.