किडकिडीत माणसाचं वजन वाढतं कुठे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही दिसायला सडपातळ. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळं अभ्यासली. आपली बाळं जन्मतः वजनाने हलकी असतात, स्नायू कमी असतात, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते, असं त्यात दिसलं. म्हणून आपल्याकडच्या बारीक माणसाने वजन वाढवायचं म्हटलं की किती वाढवायचं याच्या जोडीला ते कुठे जाऊन बसणार हेही बघावं लागतं.

माळेगाव बुद्रुकात खोली घेऊन एकटा राहणारा तिशीच्या आतला एखादा तरुण डोळ्यांसमोर आणू. कामाला साखर कारखान्यात किंवा बारामतीच्या एमआयडीसीत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ४८ किलो, म्हणजे बीएमआय १७. निरोगी समजली जाणारी खालची पातळी १८.५. तिथे पोचायला त्याला ५२ किलोच्या थोडं वर जावं लागेल. खोलीत गॅसची छोटी शेगडी आहे, पण ती चहापुरती. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव नाहीतर मिसळ, रात्री मेसचा डबा, तोही थकल्यामुळे अर्धाच. पाळी बदलली की यातलं एखादं जेवण सरळ गळून पडतं.

अशा माणसाला सकाळी पोहे, अकराला कोशिंबीर, दुपारी वरण-भात असा तक्ता लिहून देणं मला निरर्थक वाटतं. तो तिसऱ्या दिवशी भिंतीवरच राहतो. जे खातोय ते तसंच ठेवून त्यात स्वयंपाक न लागणाऱ्या दोन गोष्टींची भर घालणं जमण्यासारखं आहे.

पहिली भर कामावर निघण्याआधी, पाळी कुठलीही असो. पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर गाईचं दूध आणि एक केळं. यातून साधारण २६० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. फ्रिज नसेल तर दूध दिवसभर टिकणार नाही. अशा वेळी साय न काढलेल्या दुधाची ३० ग्रॅम पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली तरी जवळपास तेवढाच हिशेब बसतो. दुसरी भर खिशातली: चाळीसेक ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, म्हणजे मोठी मूठभर, आणि गुळाचा लहान खडा. यातून सुमारे २८० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे एकदम आठवड्याचे भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. काळपट, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा दाणा थुंकून टाकावा. त्यावर बुरशी वाढली असेल, तर तिच्यातलं अफलाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही.

ही भर जेवणाच्या तोंडावर खाल्ली तर डबा आणखी उरेल. म्हणून ती जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये घ्यावी. घन अन्नापेक्षा दुधासारखं पातळ अन्न लवकर पचतं, त्यामुळे भूक मंद असलेल्याला ते सोपं जातं. उपाशीपोटी तंबाखू मळली जात असेल तर आधी ती वेळ तरी बदलायला हवी. निकोटीन भूक मारतं.

एकूण भर झाली रोजची ५४० कॅलरींची. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे कागदावर आठवड्याला अर्धा किलो. प्रत्यक्षात पाव ते अर्धा किलो वाढला तरी छान. ५२ ओलांडायला दोन ते चार महिने जातील.

“कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही” असं सांगणाऱ्यांत थोडं तथ्य असतं. १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी सोळा जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी चार किलोंहून अधिक वाढली, तर कुणाची जेमतेम ३६० ग्रॅम. न वाढणाऱ्यांचं शरीर जास्त खाणं मिळताच नकळत जास्त हलू लागलं होतं. चुळबुळ, उठबस, येरझारा. पण त्या प्रयोगात खाणं मोजून दिलं होतं. आपला तरुण रविवारी बिर्याणीवर ताव मारतो, ते त्याच्या लक्षात राहतं. मंगळवारी-बुधवारी गळालेली जेवणं राहत नाहीत. चार दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास वहीत लिहिला की खरं कारण बहुधा दिसतं.

आता याज्ञिकांच्या फोटोतला मुद्दा. हीच ५४० कॅलरींची भर रसवंतीवरचे रसाचे पेले आणि बेकरीची खारी यांतून घालता येईल, काटाही पुढे सरकेल. पण उसाच्या रसात साखर आणि पाणी सोडून फारसं काही नाही. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात आणि स्नायूंना ती वापरायचं कारणही लागतं. ४८ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं मिळाली तर बरं. वरच्या दोन भरींनी १९ ग्रॅम येतात. डब्यातली उसळ उरवायची नाही आणि गाडीवरची दोन उकडलेली अंडी जोडली तर आणखी १२. अंडी चालत नसतील तर मूठभर फुटाणे. स्नायूंना ते कारण पुरवायला आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं जोर-बैठका. दर आठवड्याला दोन-चार वाढवत न्यायच्या. दर वेळी तेवढ्याच काढल्या तर शरीर सरावतं आणि वाढ थांबते.

काट्याच्या जोडीला शिंप्याचा टेप ठेवावा. आठवड्यातून एकदा, शौचानंतर आणि चहाआधी, त्याच कपड्यांत वजन करावं आणि बेंबीच्या पातळीवर कमर आणि सोबत दंडाचा घेर मोजावा. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर वाढलं तर हुरळून जाऊ नये. ते बहुतेक पोटातलं अन्न आणि साठलेलं पाणी असतं. त्यानंतर दोन किलो वाढून कमर सेंटिमीटरभरच वाढली असेल तर भर योग्य जागी चालली आहे. कमर तीन-चार सेंटिमीटरने पुढे गेली आणि दंड तसाच राहिला तर गूळ-खारी कमी आणि बैठका जास्त. तीन आठवडे काटा हललाच नाही तर शेंगदाण्याची दुसरी मूठ.

पंधरा दिवसांत तीन-चार किलो वाढवणाऱ्या गोळ्या आणि पुड्या काही ठिकाणी बिनाचिठ्ठीच्या मिळतात. त्यांत कधी स्टेरॉइड असतं. चेहरा गोल होतो, अंगात पाणी धरतं, रक्तातली साखर चढते, आणि अचानक बंद केल्यास माणूस गंभीर आजारी पडू शकतो. जिममधल्या ‘मास गेनर’च्या डब्यातही बऱ्याचदा निम्म्याहून जास्त भाग माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या स्वस्त पिठूळ साखरेचा असतो, डब्यामागचं लेबल वाचलं की कळतं.

हे सगळं लहानपणापासून बारीक असलेल्या आणि जेवणं चुकवणाऱ्या माणसासाठी. वजन आधी ठीक होतं आणि गेल्या काही महिन्यांत आपोआप उतरलं, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा ताप आहे, सारखी तहान आणि लघवी होते, छातीत धडधडतं, किंवा खाण्यावरून मनच उडालंय, तर शेंगदाण्यांआधी डॉक्टर. थुंकीची तपासणी, रक्तातली साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एवढ्या तपासण्यांनी बरंचसं उलगडतं. बीएमआय १६ च्या खाली असेल किंवा दहा-बारा दिवस पोटात जवळजवळ काही गेलं नसेल, तर एकदम भरपेट खाणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या माणसाचं खाणं दवाखान्यात, रक्त तपासत, थोडंथोडं वाढवावं लागतं.