तुलनेचा तक्ता आणि फायद्या-तोट्यांची यादी

दोन वस्तूंची तुलना करणारा तक्ता आणि फायद्या-तोट्यांची दोन रकान्यांची यादी यांतली माहिती एकच असते, पण त्या दोहोंचे काम वेगळे असते. तक्त्यात प्रत्येक ओळ एका गुणधर्माची असते आणि त्यापुढे दोन्ही वस्तूंची मूल्ये लिहिलेली असतात. कोणते मूल्य चांगले, हे तक्ता सांगत नाही. यादीत मात्र प्रत्येक मुद्दा डावीकडे किंवा उजवीकडे बसवावाच लागतो. म्हणून तक्त्यातून यादी करणे ही नक्कल नाही. प्रत्येक ओळीबद्दल एक छोटा निवाडा द्यावा लागतो, आणि चुका होतात त्या याच निवाड्यात.

हे काम एका उदाहरणावरून पाहता येईल. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये चौघांचे कुटुंब राहते. न्हाणीघर एकच आहे. सगळे बादलीने अंघोळ करतात आणि सकाळी एकामागून एक बाहेर पडतात. त्यांना १५ लिटरचा स्टोरेज गीझर घ्यावा की ३ लिटरचा इन्स्टंट, हे ठरवायचे आहे. दुकानात मिळालेल्या माहितीवरून त्यांनी असा तक्ता केला आहे:

| गुणधर्म | स्टोरेज | इन्स्टंट |
|---|---|---|
| टाकी | १५ लिटर | ३ लिटर |
| वीजशक्ती | २००० वॅट | ३००० वॅट |
| गरम पाणी कधी | सुमारे २० मिनिटांनी | जवळजवळ लगेच |
| किंमत | साधारण दुप्पट | कमी |
| भिंतीवरची जागा | मोठी | लहान |
| वीज गेल्यावर | टाकीतले पाणी काही तास गरम | गरम पाणी नाही |
| थर्मोस्टॅट व सेफ्टी व्हॉल्व्ह | आहे | आहे |
| प्लग | १६ अँपिअर | १६ अँपिअर |

पहिली पायरी यादीचा मथळा ठरवण्याची. पर्याय दोन असले की प्रत्येकाचे फायदे वेगळे आणि तोटे वेगळे लिहिण्याचा मोह होतो. तसे केले तर चार याद्या होतात आणि तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. ‘इन्स्टंट स्वस्त’ हा एक फायदा आणि ‘स्टोरेज महाग’ हा एक तोटा, ही दोन कारणे नव्हेत, एकाच ओळीच्या दोन बाजू आहेत. म्हणून एक पर्याय प्रस्ताव म्हणून धरावा आणि दुसरा मापदंड म्हणून. येथे मथळा असा होईल: ‘स्टोरेजऐवजी इन्स्टंट घेतला तर’. एकदा हे ठरले की तक्त्याची प्रत्येक ओळ यादीत फार तर एका मुद्द्याला जन्म देते. एका ओळीतून खरोखर दोन वेगळे परिणाम निघत असतील तेवढाच अपवाद.

दुसरी पायरी सारख्या ओळी काढण्याची. थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्हींत आहेत, १६ अँपिअरचा प्लग दोन्हींना लागतो. या ओळी महत्त्वाच्या असल्या तरी निवडीत त्यांचा उपयोग नाही. घरात फक्त ६ अँपिअरचा प्लग असेल तर तो बदलण्याचा खर्च दोन्ही बाबतींत करावाच लागेल. अशा ओळी फेकून न देता तक्त्यात खूण करून ठेवाव्यात, म्हणजे ‘हा मुद्दा राहून तर गेला नाही ना’ अशी शंका नंतर उरत नाही.

तिसरी पायरी सर्वांत कठीण आहे: उरलेल्या ओळींना दिशा देणे. काही ओळींची दिशा उघड असते. कमी किंमत हा फायदा, लहान जागा हाही फायदा. वीज गेल्यावर गरम पाणी न मिळणे हा तोटा, पण जिथे सकाळी वीज क्वचितच जाते तिथे तो हलका.

‘वीजशक्ती’ या ओळीची दिशा मात्र चटकन चुकते. ३००० वॅट हा आकडा मोठा, म्हणून ‘वीजबिल जास्त’ असा मुद्दा तोट्यांच्या रकान्यात लिहिला जातो. प्रत्यक्षात वॅट हा विजेच्या वेगाचा आकडा आहे. बिल येते ते युनिटवर, म्हणजे तो वेग किती वेळ चालला यावर. एक युनिट वीज सुमारे ८६० लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवते. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांचे आणि अंघोळीचे ४० अंशांचे धरले, तर २० लिटरच्या बादलीला २० गुणिले २०, म्हणजे ४०० इतकी ‘लिटर-अंश’ उष्णता लागते. तिला ८६० ने भागले की ०.४७ युनिट येते, साधारण अर्धा युनिट. गीझर कोणताही असो, बादलीला लागणारी ही उष्णता बदलत नाही. ३००० वॅटचा गीझर ती सुमारे ९ मिनिटांत देतो, २००० वॅटचा १४ मिनिटांत. बिलात फरक पडतो तो दुसऱ्या कारणाने: टाकी गरम राहिली आणि पाणी वापरले गेले नाही, तर त्यातली उष्णता हळूहळू बाहेर जाते. ती गळती स्टोरेजला लागू आहे. म्हणजे या ओळीतून बिलाचा तोटा निघत नाहीच, उलट इन्स्टंटच्या बाजूने थोडा फायदा निघतो. अंघोळी झाल्याबरोबर बटण बंद करणाऱ्या घरात तोही लहानच.

पण त्याच ओळीतून दुसरा, खरा तोटा निघतो. २३० व्होल्टवर ३००० वॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर, तर २००० वॅट म्हणजे ९ अँपिअरच्या आत. जुन्या वायरिंगवर, किंवा त्याच सर्किटवर वॉशिंग मशीन असेल तर, १३ अँपिअरचा भार जड जातो. वायर किंवा प्लग गरम होणे आणि एमसीबी वारंवार पडणे या त्याच्या खुणा आहेत. म्हणून मुद्दा ‘बिल जास्त’ असा नव्हे, तर ‘वायरिंगवर ताण जास्त’ असा लिहायला हवा.

‘गरम पाणी कधी’ ही ओळही जपून वाचावी लागते. ‘लगेच’ हा शब्द फायद्यासारखा वाटतो. पण इन्स्टंटमधून ४० अंशांचे पाणी मिनिटाला फार तर दोन लिटरांच्या आसपास येते, कारण ३००० वॅटला तेवढेच जमते. नळ जास्त उघडला तर धार मोठी होते आणि पाणी कोमट येते. बादली भरायला ९ मिनिटे लागतात. स्टोरेजची टाकी २० मिनिटे आधी लावली तर ६० अंशांचे १५ लिटर पाणी तयार असते. त्यात तेवढेच थंड पाणी मिसळून ३० लिटर, म्हणजे दीड बादली, हाताशी मिळते. शिवाय एक जण अंघोळ करत असताना टाकी पुढच्यासाठी गरम होत राहते. इन्स्टंट मात्र नळ चालू असेपर्यंतच काम करतो. तेव्हा ‘लगेच’चा फायदा पहिल्या माणसाला, आणि तोही आधी बटण दाबायला विसरलेल्याला. रांगेत उभ्या असलेल्या चौघांना तोच तोटा ठरतो. टाकीच्या आकाराची ओळ वेगळी लिहायची गरज येथे उरत नाही. दीड बादलीचा साठा हा तिचाच परिणाम आहे, तो याच मुद्द्यात आला. अशा जोडलेल्या ओळी एकत्र केल्या नाहीत, तर एकच कारण दोन-तीनदा मोजले जाऊन एक रकाना उगाच लांब होतो.

एवढे झाल्यावर यादी अशी उरते:

| फायदे | तोटे |
|---|---|
| किंमत साधारण निम्मी | बादलीला ९ मिनिटे, धार बारीक, साठा नाही |
| भिंतीवर जागा कमी, पाण्याचे वजन नगण्य | वायरिंगवर १३ अँपिअरचा भार |
| आधी लावून ठेवावा लागत नाही | वीज गेली की गरम पाणी बंद |
| साठवलेल्या पाण्यातून उष्णतेची गळती नाही | |

प्रत्येक मुद्द्यात शक्यतो आकडा ठेवला आहे, हे लक्षात घ्यावे. ‘धार बारीक’ एवढेच लिहिले असते तर तिचे वजन ठरवता आले नसते. ‘बादलीला ९ मिनिटे’ म्हटले की चार बादल्यांचा हिशेब कोणीही करू शकतो.

आता चार विरुद्ध तीन मोजून निकाल लावणे चूक ठरेल, कारण मुद्द्यांची संख्या म्हणजे त्यांचे वजन नव्हे. या कामाची जुनी रीत बेंजामिन फ्रँकलिन याने १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. प्रीस्टलीसमोर नोकरीचा एक प्रस्ताव होता आणि तो स्वीकारावा की नाही हे ठरत नव्हते. फ्रँकलिनने निर्णय सांगितला नाही, रीत सांगितली. कागदावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने करावेत, तीन-चार दिवस सुचतील तसे मुद्दे लिहावेत. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणे एकमेकांविरुद्ध खोडावीत. एका बाजूचे एक कारण दुसऱ्या बाजूच्या दोन कारणांइतके असेल तर तिन्ही खोडावीत. शेवटी जे उरेल त्यावर कौल ठरतो.

या घरात ती रीत लावली तर काय होते? आधी लावावे न लागणे आणि वीज जाणे, ही दोन्ही हलकी कारणे एकमेकांविरुद्ध खोडली जातात. जागेची बचत आणि उष्णतेची गळती टळणे हे दोन छोटे फायदे मिळून वायरिंगच्या तोट्याइतके धरता येतील, म्हणून ती तिन्ही गेली. उरते एका बाजूला निम्मी किंमत आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळची रांग. किंमत एकदाच द्यायची, रांग वर्षानुवर्षे लागणार. या कुटुंबाचा कौल स्टोरेजकडे जातो.

त्याच तक्त्यावरून स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी यादी केली तर चित्र उलटते. तिथे भांडी घासायला एका वेळी थोडेच गरम पाणी लागते, तेही दिवसात वेगवेगळ्या वेळी. दर वेळी २० मिनिटे आधी टाकी लावणे किंवा ती दिवसभर गरम ठेवणे, हा तिथे मोठा तोटा होतो. ‘लगेच’ हा खरा फायदा ठरतो आणि बारीक धार अडत नाही. तक्त्यातला एकही आकडा बदललेला नसतो, फक्त काही ओळी रकाना बदलतात. म्हणून यादीच्या मथळ्यात पर्यायांबरोबर ती कोणासाठी आणि कशासाठी आहे, हेही लिहावे.

यादी नीट झाली की नाही, हे तपासायला दोन प्रश्न पुरतात. यादीतला प्रत्येक मुद्दा तक्त्यातल्या कोणत्या ओळीतून आला, हे बोट ठेवून दाखवता येते का? आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ एक तर यादीत आली आहे, दुसऱ्या मुद्द्यात मिसळली आहे किंवा सारखी म्हणून खोडली आहे, हे सांगता येते का? पहिल्याचे उत्तर नाही आले तर यादीत ऐकीव गोष्ट शिरली आहे. दुसऱ्याचे नाही आले तर अडचणीची ओळ कोणीतरी गुपचूप वगळली आहे. दुसऱ्याच्या घराची तयार यादी मात्र आपल्या घराला लावू नये. तक्ता उसना घेता येतो, यादी ज्याची त्यानेच करायची असते.