दहा हायड्रोजनांपैकी नेमका एक

आजच्या अनेक घरगुती फ्रिजच्या मागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ असे लिहिलेले असते. आत खेळणाऱ्या त्या वायूचे नाव आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसमध्येही तो ब्युटेन आणि प्रोपेन यांच्या सोबतीने असतो. त्याच्या रेणूत चार कार्बन आणि दहा हायड्रोजन असतात. मधल्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले असतात आणि त्या तिघांवर प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण नऊ हायड्रोजन असतात. दहावा हायड्रोजन मधल्या कार्बनवर एकटा बसलेला असतो. रसायनशास्त्रात कडेच्या नऊंना प्राथमिक आणि मधल्या एकट्याला तृतीयक हायड्रोजन म्हणतात.

आयसोब्युटेनवर प्रकाशात क्लोरीन सोडला की एका हायड्रोजनची जागा क्लोरीन घेतो. क्लोरीनचा अणू डोळे मिटून जो हायड्रोजन पुढे येईल तो ओढत असता, तर नव्वद टक्के वेळा कडेचा गेला असता आणि दहा टक्के वेळा मधला. प्रत्यक्षात साध्या खोलीच्या तापमानाला सुमारे ६४ टक्के माल कडेच्या जागी क्लोरीन असलेला, म्हणजे आयसोब्युटिल क्लोराइड, मिळतो आणि सुमारे ३६ टक्के मधल्या जागी क्लोरीन असलेला तृतीयक ब्युटिल क्लोराइड. क्लोरीनचा कल मधल्या हायड्रोजनकडे आहे, पण हाती येते ते मिश्रणच.

तोच प्रयोग ब्रोमीन घेऊन १२७ अंश सेल्सिअसला केला, तर ९९ टक्क्यांहून अधिक माल एकाच प्रकारचा मिळतो. ब्रोमीन जवळजवळ दर वेळी मधल्या एकट्या हायड्रोजनच्या जागी जाऊन बसतो आणि कडेचे नऊ अस्पर्शित राहतात.

या टक्केवारीतून प्रत्येक हायड्रोजनची खरी ओढ काढायची, तर संख्येचा परिणाम आधी बाजूला सारावा लागतो. क्लोरीनच्या बाबतीत ६४ ला नऊने भागले की दर प्राथमिक हायड्रोजनमागे सुमारे ७ येतात, आणि तृतीयक हायड्रोजन एकच असल्याने त्याच्या वाट्याला पूर्ण ३६. म्हणजे तृतीयक हायड्रोजन प्राथमिकाच्या सुमारे पाचपट वेगाने निघतो. ब्रोमीनसाठी हेच गुणोत्तर सुमारे १,६०० पट आहे. एक पाचपट निवडतो, दुसरा सोळाशे पट. दोघेही हॅलोजन कुळातले, आवर्तसारणीत एकाखाली एक बसणारे. मग एवढी तफावत येते कुठून?

उत्तर अभिक्रियेच्या एका विशिष्ट पायरीत आहे. प्रकाश किंवा उष्णता मिळाली की क्लोरीनचा रेणू दुभंगतो आणि दोन सुटे अणू तयार होतात. असा सुटा अणू आयसोब्युटेनला भिडतो आणि त्याचा एक हायड्रोजन खेचून घेऊन हायड्रोजन क्लोराइड बनतो. मागे उरतो एक अपुरा कार्बन तुकडा. त्याच्यावर एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणून त्याला मुक्त मूलक म्हणतात. हे मूलक दुसऱ्या क्लोरीन रेणूतला एक अणू घेते, दुसरा अणू मोकळा होतो आणि साखळी पुढे चालू राहते. ब्रोमीनची साखळीही अशीच चालते. ब्रोमीन शेवटी कुठे बसणार, याचा निकाल हायड्रोजन खेचला जातो त्या पायरीवरच लागतो. मूलक मधल्या कार्बनवर तयार झाले की ब्रोमीनही तिथेच जोडला जातो.

आता या एका पायरीचा ऊर्जेचा हिशेब मांडू. प्राथमिक हायड्रोजनचा कार्बनशी असलेला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४२० किलोज्यूल लागतात, तर तृतीयक बंधाला सुमारे ४००. तृतीयक मूलक शेजारच्या तीन कार्बनांच्या आधाराने अधिक स्थिर असते, म्हणून त्याकडे नेणारा बंध वीस किलोज्यूलने स्वस्तात तुटतो. हा फरक आयसोब्युटेनचा स्वतःचा आहे. समोर क्लोरीन असो वा ब्रोमीन, तो बदलत नाही.

बदलते ती परतफेड. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचा नवा बंध जुळताना सुमारे ४३० किलोज्यूल परत मिळतात. त्यामुळे प्राथमिक हायड्रोजन काढूनही क्लोरीनला दहा किलोज्यूलचा नफा होतो आणि तृतीयक काढल्यास तीसचा. दोन्ही वाटा उताराच्या, म्हणजे उष्मादायी. ब्रोमीनचा हायड्रोजनशी होणारा बंध मात्र कमकुवत असतो. तो सुमारे ३६५ किलोज्यूलच परत देतो. त्यामुळे प्राथमिक हायड्रोजनसाठी ब्रोमीनला पदरचे ५५ किलोज्यूल घालावे लागतात आणि तृतीयकासाठी ३५. त्याच्या दोन्ही वाटा चढाच्या, म्हणजे उष्माग्राही. ही तूट पुढच्या पायरीत भरून निघते, म्हणून एकूण अभिक्रिया उष्णता देणारीच राहते. पण निवड तूट असलेल्या पायरीवर होते.

तरीही एक प्रश्न उरतो. क्लोरीनपुढे दहा आणि तीस, ब्रोमीनपुढे पंचावन्न आणि पस्तीस, फरक दोन्हीकडे वीसचाच. मग निवड वेगळी का? कारण अभिक्रियेचा वेग अंतिम नफा-तोट्यावर ठरत नाही. बंध तुटता-जुळताना वाटेत एक ऊर्जेचा माथा ओलांडावा लागतो. त्या क्षणाच्या रचनेला संक्रमण अवस्था म्हणतात आणि वेग त्या माथ्याच्या उंचीवर ठरतो. वीस किलोज्यूलचा फरक माथ्यापर्यंत किती पोहोचतो, यावर निवड अवलंबून असते.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हॅमंड यांनी १९५५ मध्ये यासाठी एक साधे गृहीतक मांडले. अभिक्रिया उताराची असेल तर संक्रमण अवस्था लवकर येते आणि सुरुवातीच्या पदार्थांसारखी दिसते. अभिक्रिया चढाची असेल तर ती उशिरा येते आणि तयार होणाऱ्या पदार्थांसारखी दिसते. क्लोरीनच्या बाबतीत माथा गाठला जातो तेव्हा कार्बन-हायड्रोजन बंध जेमतेम ताणलेला असतो. मूलक अजून जन्मायचे असते, त्यामुळे ते प्राथमिक होणार की तृतीयक याचा माथ्याच्या उंचीवर फारसा परिणाम होत नाही. ब्रोमीनच्या माथ्यावर मात्र तो बंध जवळजवळ तुटलेला असतो आणि मूलक बहुतांशी तयार झालेले असते. त्याची स्थिरता माथ्याच्या उंचीत जवळपास पूर्ण उतरते.

हे आकड्यांनी पडताळता येते. माथ्याची उंची आणि वेग यांचे नाते घातांकी आहे. २५ अंशांना माथा चार किलोज्यूलने खाली आला की वेग सुमारे पाचपट होतो. क्लोरीनचे गुणोत्तर पाचच आहे, म्हणजे वीसपैकी साधारण चार किलोज्यूल, एक पंचमांश फरक, माथ्यापर्यंत पोहोचला. १२७ अंशांना रेणूंकडे उष्णतेची ऊर्जा जास्त असल्याने चार किलोज्यूलचा परिणाम घटून सव्वातीनपटीच्या आसपास येतो. या दराने सोळाशे पटीला पोहोचायला सुमारे चोवीस किलोज्यूल लागतात. बंधांतला वीसचा फरक त्यात जवळजवळ सगळा दिसतो. वरचा थोडा भाग इतर कारणांचा आहे. इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या ब्रोमीनला अधिक इलेक्ट्रॉन पुरवू शकणारा तृतीयक कार्बन माथ्यावर जास्त आधार देतो, हे त्यातले एक. तापमान वाढले की निवडकता घटते, आणि ब्रोमीनचा प्रयोग तर शंभर अंशांनी अधिक गरम परिस्थितीत झालेला आहे. तरीही पारडे त्याच्याकडे झुकते.

प्रयोगशाळेत हा फरक ओळखायला मोठी यंत्रे लागतातच असे नाही. तृतीयक ब्युटिल क्लोराइड ५१ अंशांना उकळतो आणि आयसोब्युटिल क्लोराइड ६९ ला, त्यामुळे क्लोरीनच्या मिश्रणाचे काळजीपूर्वक ऊर्ध्वपातन केले की दोन वेगळे भाग हाती येतात. अल्कोहोलमधल्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घातले तर तृतीयक संयुग लगेच साका देते, तर प्राथमिक संयुगाला वेळ आणि ऊब लागते. वायू वर्णलेखात ब्रोमीनच्या मालाचे एकच मोठे शिखर उठते. क्लोरीनची दोन शिखरे असतात. क्लोरीनचे प्रमाण जास्त झाले, तर एकाच रेणूवर दोन-तीन क्लोरीन बसलेल्या पदार्थांची आणखी शिखरे दिसू लागतात. म्हणून आयसोब्युटेन मुद्दाम भरपूर आणि क्लोरीन कमी घेतात.

ब्रोमीनच्या या नेमकेपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. त्याचा माथा उंच असल्याने साखळी सावकाश चालते, आणि तयार होणारा हायड्रोजन ब्रोमाइड मूलकाला आपला हायड्रोजन परत देऊन तिला मागेही ओढतो. तापमान फार वाढवले तर तृतीयक ब्युटिल ब्रोमाइडमधून हायड्रोजन ब्रोमाइड निसटतो आणि आयसोब्युटीन उरतो. ज्या जागी मूलक स्थिर होऊ शकत नाही, तिथे ब्रोमीन बसवायचा असेल तर ही पद्धत कामाची नाही. ब्रोमीन अधिक सोप्या जागेवरच जाईल, आणि सगळेच हायड्रोजन प्राथमिक असतील तर अभिक्रिया रेंगाळत राहील.

कुळातले उरलेले दोघे याच हिशेबाची टोके आहेत. फ्लोरीनचा नफा इतका मोठा की तो जवळपास निवडच करत नाही आणि अभिक्रिया सहज हाताबाहेर जाते. आयोडीनला हायड्रोजन खेचणे इतके महाग पडते की त्याची साखळीच चालत नाही.

क्लोरीनचा बेफिकीरपणा मात्र त्याच्या अणूला कायमचा चिकटलेला नाही. ग्लेन रसेल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात २,३-डायमेथिलब्युटेनवर क्लोरीनचे प्रयोग केले. या रेणूत बारा प्राथमिक आणि दोन तृतीयक हायड्रोजन असतात. इतर काही न मिसळता तृतीयकाची ओढ चारपटीच्या आसपास होती. द्रावक म्हणून भरपूर बेंझीन घातल्यावर ती अनेक पटींनी वाढली आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये त्याहूनही वर गेली. सुटा क्लोरीन अणू बेंझीनच्या कड्याशी सैल जोड करून थोडा स्थिरावतो. मग हायड्रोजन खेचण्यातला त्याचा नफा घटतो, संक्रमण अवस्था वाटेवर पुढे सरकते आणि कार्बन-हायड्रोजन बंध अधिक ताणल्याशिवाय माथा ओलांडता येत नाही. अणू क्लोरीनचाच असतो, पण निवडताना तो ब्रोमीनच्या दिशेने सरकलेला असतो.