शेअर बाजारात किती?

समजा, ठेवीवर खात्रीचे 7 टक्के मिळतात. निर्देशांक फंडातून सरासरी 12 टक्के अपेक्षित आहेत, पण वार्षिक चढउतार 20 टक्क्यांचा. पैसे या दोन्हींत कसेही विभागा, परतावा आणि जोखीम एकाच सरळ रेषेवर राहतात. तिला भांडवल वाटप रेषा म्हणतात. तिचा चढ 5 भागिले 20, म्हणजे जोखमीच्या प्रत्येक टक्क्यामागे पाव टक्का जादा परतावा.

या रेषेवर आपण कुठे थांबायचं, हे आपला भित्रेपणा ठरवतो. त्याला एक आकडा द्यायचा, समजा 2.5. मग जादा परतावा (0.05) भागिले भित्रेपणा गुणिले चढउताराचा वर्ग (2.5 × 0.04) म्हणजे 0.5. निम्मे पैसे फंडात, निम्मे ठेवीत. अपेक्षा साडेनऊ टक्के, चढउतार 10. भित्रेपणा 5 असेल, तर फंडात फक्त पाव हिस्सा.

खरी गोम त्या 12 टक्क्यांत आहे. अंदाज 10 वर आणला, की निम्म्याचे एकदम 30 टक्के होतात. चढउतार मागच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी कळतो. पुढचा सरासरी परतावा मात्र वीस वर्षांच्या नोंदींतूनही धूसरच दिसतो. त्यामुळे मी तरी तो आकडा मुद्दाम कमीच धरतो.