पेशीला थांबवणारे पी-५३

तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, मूलसारख्या बाजाराच्या गावापासून जंगलातल्या पाड्यांपर्यंत, गालाच्या कोपऱ्यात दीर्घकाळ धरला जातो. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही रसायने गालाच्या अस्तरातील पेशींत शिरली की त्यांचे क्रियाशील रूप डीएनएला, म्हणजे पेशीची आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूला, चिकटते. एवढ्याने कर्करोग होत नाही, कारण पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन असते.

निरोगी पेशीत हे प्रथिन सतत तयार होते, पण एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून नष्ट करवीत असल्याने त्याचा साठा कधी वाढत नाही. डीएनएचा धागा तुटला की एटीएम हे विकर पी-५३ वर फॉस्फेटचा गट जोडते, त्यामुळे एमडीएम-२ ची पकड सुटते, पी-५३ साठू लागते आणि पी-२१ या प्रथिनाचे जनुक सुरू करते. पी-२१ पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या विकरांना अडवते आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच पेशी थांबते. या उसंतीत दुरुस्ती होते, आणि बिघाड फारच मोठा असेल तर पी-५३ पेशीला मृत्यूच्या मार्गावर नेते.

खुद्द पी-५३ चे जनुक बिघडले, तर तुटक्या डीएनएचीही नक्कल होते, चूक कायमची होते आणि पुढच्या प्रत्येक विभाजनात तिच्यावर नव्या चुकांची भर पडते. त्यातही एक घातक बारकावा आहे. हे प्रथिन चार-चारच्या जुडीने काम करते आणि सदोष घटक बहुधा सबंध जुडीच निकामी करतो. त्यामुळे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली आणि घटक योगायोगाने जुळत गेले, तर १६ पैकी एकच जुडी पूर्णपणे निर्दोष उरते.

सदोष पी-५३ एमडीएम-२ चे जनुक सुरू करू शकत नाही, म्हणून गाठीत ते स्वतः नष्ट न होता साचत जाते. १९७९ मध्ये पी-५३ चा शोध लागल्यानंतर सुमारे दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे मानले गेले, आणि त्या गैरसमजामागे हा साठा तर होताच, शिवाय प्रयोगांत वापरलेली त्याची जनुकेही बिघडलेली होती. १९८९ मध्ये खरी बाजू उघड झाली. त्याच साठ्याचा उपयोग आज निदानात होतो. गालातून काढलेल्या तुकड्यावर पी-५३ ओळखणारे प्रतिपिंड टाकून रंग दिला असता निरोगी अस्तरात विरळ, फिकट केंद्रके दिसतात, तर बिघाड असलेल्या भागात बहुतेक सर्व केंद्रके गडद तपकिरी होतात. मात्र अजिबात रंग न चढणे हेही नेहमी सुचिन्ह नसते: काही बिघाडांत प्रथिन अर्धवटच बनते, टिकत नाही, आणि तो तुकडा रिकामा दिसतो.